नवव्या पानानंतर आई कुठे गेली?

"तुमच्या समाजाच्या मानाने फारच छान लिहिलंय हो तुम्ही."

भाऊसाहेब झोपाळ्यावरून म्हणाले आणि ओटीवर टाळ्या वाजल्या.

मी सतरंजीच्या कडेला बसले होते. मांडीवर फुलस्केप कागद. माझ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण नुकतंच वाचून संपवलं होतं. त्याची एक प्रत भाऊसाहेबांनी आधीच मागून घेतली होती. कुणीतरी आता काही विचारेल म्हणून मी पेन्सिल तयार ठेवली होती.

कुणी काही विचारलं नाही. टाळ्या थांबल्या आणि भाऊसाहेब आत बघून म्हणाले, "चहाचं बघा जरा."

माझ्या आधी एका वकिलांनी कथा वाचली होती. तिच्यावर तासभर भांडण चाललं. शेवट फसलाय, म्हणाले. नायिका असं बोलणारच नाही, म्हणाले. एका शब्दावरून दोघांचे आवाज चढले. वकिलांचं तोंड लाल झालं होतं. मला तेव्हा त्यांची कीव आली होती.

चहा पिताना मला त्यांचा हेवा वाटू लागला.

रत्नागिरीत तेव्हा मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुंबईचा ट्रंक कॉल लागायला लोक अर्धा अर्धा दिवस वाट बघत. आमचं गाव देवरुखच्या वरच्या अंगाला, डोंगरात. आमची बौद्धवाडी गावाच्या खालच्या टोकाला. गावातली म्हातारी माणसं वाडीचं जुनंच नाव घेत. मी शिकले, परीक्षा दिली, नोकरीला लागले. लाइनवर बोलायचं म्हणून जिभेवरची गावची बोली खरवडून काढली. माझा आवाज ऐकून लोक मला पुण्याची समजत. मला त्याचा अभिमान होता.

भाऊसाहेब निवृत्त प्राचार्य. महिन्यातून दोन रविवारी दुपारी त्यांच्या घरी लिहिणारी माणसं जमत. आपण लिहिलेलं वाचायचं, इतरांनी त्यावर बोलायचं. मला तिथे घेतलं याचंच मला केवढं वाटलं होतं. पहिल्या दिवशी भाऊसाहेब सगळ्यांना म्हणाले होते, "आपल्या मंडळात आता सगळ्या थरांतली माणसं आहेत." मी हसले होते. थर म्हणजे मी.

त्या रविवारी निघताना पायरीवर शहनाज भेटली. शहनाज राजिवड्याची. हायस्कूलमध्ये गणित शिकवायची. नवरा आखातात, घरी सासू आणि दोन मुली. ती स्वतः कथा लिहायची, वर्षाला एखादी. बैठकीत फारशी बोलायची नाही.

"बाय, ते कागद मला देशील?" तिने विचारलं.

"कशाला? ऐकलंस ना आता?"

"ऐकलं. वाचलं नाही अजून. वाचून लिहून देते तुला काय वाटलं ते. पण तुला हवं असेल तरच. नको असेल तर नको सांग, मला राग नाही."

"लिहून कशाला? तोंडी सांग की."

"तोंडी सांगितलं की माणूस ऐकत नाही. ऐकताना उत्तर शोधत बसतं. मीच बसते."

मी कागद दिले. मनात म्हटलं, ही पण छान म्हणेल.

पुढच्या बैठकीच्या आधी तिने एक्स्चेंजच्या दाराशी येऊन कागद परत दिले. सोबत तिचा स्वतःचा चार पानी कागद. माझ्या कागदांवर एकही खूण नव्हती. लाल नाही, निळी नाही. मला ते विचित्र वाटलं. दुपारच्या सुट्टीत मी तिचं लिखाण उघडलं. ते असं होतं.

"प्रिय मैत्रिणीस,

तुझं प्रकरण दोनदा वाचलं. पहिल्यांदा पेन्सिल हातात न घेता, नुसतं वाचक म्हणून. दुसऱ्यांदा कुठे अडखळले ते टिपत. इथे लिहिते ते सगळं एका वाचकाला काय झालं एवढंच. कादंबरी तुझी आहे. पटेल ते घे, बाकीचं सोड.

आधी माझ्याजवळ काय राहिलं ते सांगते. पान सात. मुलगी चौथीच्या स्कॉलरशिपमध्ये पहिली आली म्हणून खोतांच्या घरी बोलावणं येतं. आई तिला घेऊन खळ्यात शिरते. तू लिहिलंयस: 'आईने पदर आवरून पोटाशी धरला. तुळशीला लागू नये म्हणून.' मी इथे वाचायची थांबले. उठून पाणी प्यायले. त्या दोन ओळींत मला ते गाव कळलं, ते खळं कळलं, आणि आईचं आयुष्य कळलं. तू काही समजावून सांगितलं नाहीस म्हणून कळलं. या ओळींना कुणाचाही हात लागू देऊ नको. माझाही.

दुसरं, पान आठ. आई म्हणते: 'खाली बघ गो बाय. त्यांच्या तोंडाकडं बघू नुको.' हे वाचलं आणि आई माझ्यासमोर उभी राहिली. पण पान पाच आणि पान सहावर हीच आई 'बाळ, विद्या हेच खरे धन होय' असं बोलते. ती बाई मला दिसली नाही. दोन वेगळ्या आया वाटल्या. यातली खरी कुठली ते तुला ठाऊक.

आता जिथे मी बाहेर राहिले त्या जागा. पहिली चार पानं सूर्योदय, सह्याद्री, धुकं. वाक्यं सुंदर आहेत. पण त्यात कुणी माणूस नाही, आणि मी कुणासाठी पुढे वाचू ते मला कळेना. पान पाच-सहावर आजोबांची हकिकत आहे. ती महत्त्वाची असेल, पण मुलीची ओळखच झाली नाही तोवर तिच्या आजोबांची काळजी मला कशी वाटणार? मला वाटलं, तुझी कादंबरी पान सातवर सुरू होते. आधीचं फुकट गेलं असं म्हणत नाही. ते लिहिलंस म्हणून तू सातपर्यंत पोचलीस. पण वाचकाने तिथून यायलाच हवं असं नाही.

पान अकरा. मुलगी ओटीवर उभी राहून कविता म्हणते आणि तिच्या मनात येतं, 'ही शोषणाची अखंड शृंखला.' मुलगी नऊ वर्षांची आहे. हे तिच्या मनात आलं की आज लिहिणाऱ्या तुझ्या? तुझ्या मनात आलं असेल तर काही हरकत नाही, पण मग आपण कुणाच्या डोळ्यांनी बघतोय ते मला कळू दे. त्या पानावर मुलीचे डोळे माझ्याकडून काढून घेतले गेले.

आता मोठा प्रश्न. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, हा एक विसरू नको. पान नऊवर मुलीला वर ओटीवर बोलावतात आणि आई खाली राहते. त्यानंतर प्रकरण संपेपर्यंत आई नाही. कविता होते, टाळ्या होतात, खोतीणबाई मुलीच्या हातावर वरून जुना फ्रॉक टाकतात, मुलगी घरी येते. नवव्या पानानंतर आई कुठे गेली? मी शेवटपर्यंत तिला शोधत होते. तू मुद्दाम तिला दिसेनाशी केली असशील तर सांग, मी पुन्हा वाचेन.

एक माझ्या आवडीची गोष्ट, चूक नव्हे: 'दळी', 'कोंड' असे डोंगराकडचे शब्द मला किनाऱ्यावरच्या बाईला नीट कळले नाहीत. अर्थ दिलास तर बरं, नाही दिलास तरी चालेल.

शुद्धलेखनाचं मी काही बघितलं नाही. घर बांधायचंय अजून, चुना कशाला?

पुढचं प्रकरण मला वाचायचं आहे. हे मी उगाच लिहीत नाही.

तुझी, शहनाज."

मला राग आला.

खोटं सांगत नाही. पहिल्यांदा रागच आला. सूर्योदयाची ती चार पानं मी कितीदा लिहिली होती! ही कोण? गणिताची बाई. भाऊसाहेबांना छान वाटलं आणि हिला आजोबा नकोत? मी कागद घडी करून पर्समध्ये कोंबला. दोन बैठकांना गेलेच नाही. शहनाज रस्त्यात दिसली की मी दुसऱ्या बाजूने जायची. तिने हाक मारली नाही. विचारलंही नाही, वाचलंस का म्हणून.

पण तो प्रश्न पर्समध्ये राहिना.

एक दिवस बोर्डावर बसले होते. कानाला हेडफोन. मुंबईची लाइन लागत नव्हती, नुसती खरखर येत होती. रोजचीच खरखर. खर्र... खर्र... खर्र...

आणि मला एकदम शेणाचा वास आला.

खराटा. तो खराट्याचा आवाज होता.

मी नऊ वर्षांची. खोतांच्या ओटीवर. समोर पाटावर, झोपाळ्यावर, दारात माणसं. मी कविता म्हणतेय. हात कसे हलवायचे ते गुरुजींनी शिकवलेलं. आणि डावीकडून, गोठ्यातून, खराटा चाललेला. खर्र... खर्र... मी दुसरं कडवं विसरले होते. सगळे हसले. त्या हसण्यात खराटा क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

मला वर बोलावल्यावर खोतीणबाई आईला म्हणाल्या होत्या, "उभीच आहेस तर तेवढं शेण काढ."

आई माझ्यासाठी आली होती. मी पहिली आले म्हणून आली होती. तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. माझा सत्कार चालला होता आणि आई पलीकडे गोठ्यात वाकली होती. माझा शब्द चुकला तेव्हा हात थांबवून तिने ऐकलं होतं.

हे मला आठवतच नव्हतं. की आठवत होतं आणि मी बघत नव्हते? मला आजही सांगता येणार नाही. इतकी वर्षं मी तो सत्कार सांगत आले. शाळेत सांगितला, मुलाखतीत सांगितला. कादंबरीत लिहिला. आई प्रत्येक वेळी नवव्या पानावर खळ्यात उभी राहायची आणि नाहीशी व्हायची.

"हॅलो! हॅलो, एक्स्चेंज!" कानात कुणीतरी ओरडत होतं. शेजारच्या बाईने माझा हात हलवला. मी लाइन जोडली. आवाज पुण्याचाच निघाला. मला त्याची किळस आली.

आईला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. विचारायला कुणी नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस ती मला दिसत राहिली. भाट्याच्या पुलावर समोरून चालत येताना. बाजारात पाठमोरी. मी पुढे जाऊन बघायची, तर दुसरीच बाई. एकदा एक्स्चेंजच्या जिन्यात लुगड्याचा शेणाळ वास आला आणि मी कठड्याला धरून उभी राहिले. ती काही मागत नव्हती. रागावतही नव्हती. नुसती वाकलेली असायची. तोंड दिसायचं नाही.

मी राजिवड्यात शहनाजच्या घरी गेले. तिने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सासूला म्हणाली, "मैत्रीण आलीय." मला आत घेतलं. मुलींना बाहेर पाठवलं.

"आई गोठ्यात होती," मी म्हटलं.

मी सगळं सांगितलं. तिने डोळे पुसले नाहीत आणि मलाही पुसायला सांगितलं नाही. मग म्हणाली, "हे मला ठाऊक नव्हतं हं. मला फक्त तिथे भोक दिसलं."

"आता कसं लिहू?"

"ते मी कसं सांगू, बाय? मी सांगितलं तर ते माझं होईल."

"मी तुझ्यावर रागावले होते."

"ते कळलं." ती हसली. "मीही रागावले असते. चार पानं उडवायला सांगितली तुला."

मी घरी येऊन पुन्हा लिहायला बसले. सूर्योदय काढला. आजोबांना बाजूला ठेवलं, पुढे येतील तेव्हा येतील. पदर आवरण्यापासून सुरुवात केली. शोषणाची शृंखला काढली आणि तिथे खराटा ठेवला. मुलगी खाली बघून कविता म्हणते, डावीकडून आवाज येतो, मुलगी शब्द विसरते. बस्स. समजावलं काही नाही. आईला तिची बोली दिली. पान पाचचं ते विद्येचं वाक्य फाडून टाकलं. आई तसं कधी बोललीच नव्हती. ते मी रेडिओवर ऐकलं होतं.

'दळी' आणि 'कोंड' मात्र तसेच ठेवले. अर्थ दिला नाही. शहनाजला सांगितलं तर म्हणाली, "ठेव. मी शिकेन."

मग मी बैठकीला गेले. मंडळाचा वार्षिक अंक निघायचा होता. भाऊसाहेबांनी मला बघताच हाक मारली.

"या या. कुठे होतात? तुमचं प्रकरण घेतोय आपण अंकात. सगळ्या थरांतलं लेखन दिसलं पाहिजे. मी तुमच्याकडची जुनी प्रत घेतली होती ना, पुतण्याकडून स्वच्छ करून घेतलीय. भाषा जरा सुधारलीय."

त्यांनी कागद पुढे केले. सुंदर अक्षर होतं. मी वाचत गेले. सूर्योदयाला एक विशेषण वाढलं होतं. तुळशीची ओळ गेली होती. मी विचारलं, का? तर म्हणाले, "उगाच कुणाच्या भावना दुखावतात." आणि पान आठवर आई म्हणत होती, "मुली, मान वर करू नकोस."

मी ते वाक्य दोनदा वाचलं. आईच्या तोंडात कुणीतरी हात घालून जीभ बदलली होती.

"सर, हे माझं नाही," मी म्हटलं.

"अहो, तुमचंच आहे. आम्ही फक्त हात फिरवला."

"मी नवीन लिहून आणलंय. छापायचं तर हे छापा. नाहीतर नको."

त्यांनी माझे कागद चाळले. खराट्याच्या जागी त्यांचं बोट थांबलं. कपाळाला आठी पडली.

"आधीचं किती प्रसन्न होतं! हे काय, शेण आणि गोठा. कुणी बिघडवलं तुम्हाला?"

मी उत्तर द्यायच्या आत मागून शहनाज बोलली. आवाज बारीक होता. "अभिप्राय मी लिहून दिला होता, सर. लिहिलंय तिने."

"तुम्ही? गणिताच्या बाई?" काहीजण हसले. भाऊसाहेब माझ्याकडे वळले. समजुतीच्या सुरात म्हणाले, "बघा, आम्ही तुमचं कौतुक केलं. कधी एक शब्द वाकडा बोललो का?"

"नाही बोललात, सर," मी म्हटलं. "वकीलसाहेबांना बोललात. त्यांच्या कथेवर तासभर भांडलात. माझं तुम्ही वाचलंच नाही. माणूस वाचतो तेव्हा त्याला काहीतरी खुपतं. तुम्हाला काही खुपलं नाही, कारण माझ्याकडून तुम्हाला काही अपेक्षाच नव्हती."

"ही कृतघ्नता झाली."

"असेल."

"असं लिहिलंत तर तुम्हाला छापणार कोण?"

"ठाऊक नाही."

मी त्यांची सुंदर अक्षरातली प्रत सतरंजीवर ठेवली. माझी घेतली. पायऱ्या उतरले. मागे कुणीतरी म्हणालं, "यांना डोक्यावर घेतलं की असंच." तो वकिलांचा आवाज होता.

शहनाज माझ्यासोबत बाहेर आली नाही. ती पुढेही बैठकांना जात राहिली. तिची कथा अंकात आली. मला दुखलं का? दुखलं. पण एका बाईला लिहिलेलं वाचून दाखवायला या शहरात दुसरी ओटी नव्हती, हे मला कळत होतं. ती माझ्या घरी यायची, पुढचं प्रकरण न्यायची, पेन्सिलीशिवाय एकदा आणि पेन्सिलीने एकदा वाचायची. मी तिच्या कथांना तसंच लिहून द्यायला शिकले. पहिल्यांदा दिलं तेव्हा तीही माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

मे महिन्यात गावी गेले. भावाला ते प्रकरण वाचून दाखवलं. तो अंगणात बसून मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "खोतांचा नाव बदल गो बाय. आमाला हितंच ऱ्हायचा हाय."

त्याची भीती खोटी नव्हती. पाण्याची वाट त्यांच्या डोंगरउतारावरच्या दळीतून जाते. संध्याकाळी मी त्या वाटेने एकटी चालत गेले. खोतांचं घर रंगवलेलं होतं. गोठा पाडून तिथे मोटार ठेवायला जागा केली होती. खळ्यात कुणी नव्हतं. तरी मला तिथे आई वाकलेली दिसली. या वेळी मी नजर काढून घेतली नाही. अंधार पडेपर्यंत बघत उभी राहिले.

परत येऊन भावाला सांगितलं, "तुझं नाव येणार नाही. वाडीतल्या कुणाचंच येणार नाही. पण आईचं येईल. पूर्ण नाव. आणि तिला शेण काढायला कुणी सांगितलं, त्यांचंही."

"आनि त्यानी इचारलान तर?"

"माझा पत्ता दे. म्हणावं, तिला विचारा."

त्या घरातली माणसं हयात आहेत. त्यांची मुलं शिकलेली आहेत, पुस्तकं वाचतात. एक दिवस ही कादंबरी त्यांच्या हातात पडेल. पडू दे. मी एक अक्षर बदलणार नाही.